शंभर लिटरची टाकी आणि सदतीस लिटर पाणी

गच्चीवरच्या प्रेशर पंपाला जोडलेली बंद टाकी १०० लिटरची असली, तरी पंप सुरू न होता तिच्यातून १०० लिटर पाणी कधीच मिळत नाही. टाकीत रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी आणि त्याच्याबाहेर कोंडलेली हवा. पंप बंद असताना नळापर्यंत पाणी ढकलण्याचं काम ही हवाच करते. जसजसं पाणी जातं, तसतशी हवेला जागा मिळते, ती फैलावते आणि तिचा दाब उतरतो.

समजा, पंप ४ बारला बंद होतो आणि २ बारला सुरू होतो. टाकी रिकामी असताना हवा १.८ बारला भरलेली आहे. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं, म्हणून हिशेबासाठी प्रत्येक आकड्यात १ मिळवायचा. बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तापमान तेच राहिलं, तर दाब आणि आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. इथे तो २.८ गुणिले १००, म्हणजे २८०. पंप बंद होतो तेव्हा हवा २८० भागिले ५, म्हणजे ५६ लिटरमध्ये दाबलेली असते. तो पुन्हा सुरू होतो तेव्हा ती २८० भागिले ३, म्हणजे सुमारे ९३ लिटर झालेली असते. मधल्या काळात मिळालेलं पाणी ३७ लिटर.

या ३७ लिटरचा प्रवाहही सारखा नसतो. नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतं. त्यामुळे दाब ४ वरून २ वर, म्हणजे निम्म्यावर आला, तरी धार निम्मी होत नाही, सुमारे ७१ टक्के उरते. एकदम बरेच नळ उघडले, तर फैलावणारी हवा गार पडते. टाकीच्या भिंतींकडून उष्णता घ्यायला तिला वेळ मिळत नाही आणि दाब आणखी लवकर उतरतो. उष्णता अजिबात मिळाली नाही असं धरलं, तर पंप सुरू होण्याआधी जेमतेम २५ लिटर पाणी मिळतं.

खरा बिघाड होतो तो हवा निसटल्यावर. पंप बंद होताना ५६ ऐवजी १० लिटरच हवा उरली असेल, तर ती १७ लिटर होताच दाब २ बारवर येतो. म्हणजे पाणी मिळतं अवघं ७ लिटर. मग बादली भरेपर्यंत पंप दोन-तीनदा सुरू-बंद होतो आणि गेजचा काटा झरझर वरखाली करतो. अशा वेळी पंपाला दोष देण्याआधी टाकीची हवा तपासावी. पंपाची वीज बंद करा, नळ उघडून टाकीतलं पाणी काढून टाका आणि मगच हवेच्या व्हॉल्व्हला गेज लावा. दाब पंप सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा ०.२ बार कमी असावा. तो त्याहून उतरला असेल, तर हवा भरा. व्हॉल्व्हमधून पाणी आलं, तर फुगा फाटला आहे, तो बदलावाच लागेल.