एक वजा की उरले दोन?

कोल्हापुरी चपलेचे आठ नंबरचे तीन जोड उरले आहेत आणि ते तीन मार्केटप्लेसवर विक्रीला आहेत. ॲमेझॉनवर एक विकला गेला की इतर दोघांना कळवायचं असतं. हे काम एपीआयमधून होतं.

खरी मेख निरोपाच्या शब्दांत आहे. ‘एक वजा करा’ असा निरोप गेला, उत्तर आलंच नाही, म्हणून प्रोग्रामने तो पुन्हा पाठवला. पहिलाही पोचला असेल, तर साठा दोनऐवजी एक दिसेल. ‘साठा २’ असं सांगितलं, तर दोनदा पोचूनही बिघडत नाही.

पण आकड्यालाही वय असतं. ‘२’ अडकून पडला, तेवढ्यात दुसरा जोड विकला आणि ‘१’ पोचला. मग मागून जुना ‘२’ आला तर? म्हणून प्रत्येक प्रयत्नाआधी स्वतःच्या नोंदीतला ताजा आकडा वाचावा. जुना निरोप रांगेत साठवू नये. किमतीलाही हेच लागू.

विनंत्यांची मर्यादा ओलांडली की सर्व्हर `429` हा कोड देतो. सोबत `Retry-After` असेल तर तेवढं थांबावं. नसेल तर १, २, ४ सेकंद असं वाढवत जावं आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, नाहीतर सगळे प्रोग्राम एकाच क्षणी पुन्हा धडकतात. चुकीच्या एसकेयूमुळे आलेल्या `400`वर मात्र पुनःप्रयत्न व्यर्थ.

एवढं करूनही काही सेकंदांची फट राहतेच. शेवटचा जोड एकाच ठिकाणी दाखवा.