फोटोतला रिपोर्ट वहीत उतरवताना

बोरीहून परभणीला किंवा जिंतूरला मोठ्या डॉक्टरकडे गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आधीचा रिपोर्ट आणलाय का?" मग बाई पदराखालून मोबाईल काढते. मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो शोधता शोधता मागे रांग वाढते. सापडलाच तर तो तिरपा असतो, कडेला अंगठा आलेला असतो, मधोमध ट्यूबलाइटची चमक असते. डॉक्टर दोन बोटांनी फोटो मोठा करून बघतात आणि म्हणतात, "नव्याने रक्त तपासून या."

राज्यात २०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी 'महालॅब' ही मोफत तपासणीची योजना सुरू झाली, तेव्हापासून आपल्या घरांत रिपोर्ट येऊ लागले. काही कागदावर येतात, काही मोबाईलवर. खासगी लॅबचे वेगळे. कागद पावसात भिजतो, फोटो गर्दीत हरवतो. म्हणून आमच्या वस्तीत आम्ही एक वही केली आहे. प्रत्येक तपासणीची एक ओळ, आणि ओळीत पाच खाने : तपासणीचे नाव, आलेला आकडा, एकक, लॅबने छापलेली मर्यादा आणि जास्त-कमीची खूण. मी बरीच वर्षे लॅबमध्ये काम केले, त्यामुळे रविवारी दुपारी विहारात या वहीपाशी बसण्याचे काम माझ्याकडे आले.

काम सोपे दिसते. पण त्यात चूक कशी होते आणि ती कशी पकडता येते, हे एका रिपोर्टवरून सांगते.

माझ्या शेजारच्या बाईंचे वय ४२. पाळीत रक्त फार जायचे, चालताना दम लागायचा. त्यांचा बारावीतला मुलगा रिपोर्टचा फोटो घेऊन आला. रक्ताच्या साध्या तपासणीचा, म्हणजे सीबीसीचा रिपोर्ट होता. सुरुवातीच्या ओळी त्याने वहीत अशा लिहिल्या, इंग्रजीत जशा छापल्या होत्या तशा :

```
Haemoglobin | 9.4  | g/dL      | 12.0 - 15.0  | L
RBC Count   | 4.12 | mill/cumm | 3.80 - 4.80  |
PCV         | 36.1 | %         | 36.0 - 46.0  | L
MCV         | 73.1 | fL        | 83.0 - 101.0 | L
```

तिसऱ्या ओळीवर त्याचे पेन थांबले. "मावशी, इथं लॅबवाल्याची चूक झाली. छत्तीस पॉइंट एक तर मर्यादेत बसतंय, तरी कमीची खूण दिलीय. खोडू का?"

मी म्हणाले, "खोडू नको. आधी फोटो मोठा करून बघ."

फोटोत त्या आकड्यावर कागदाची घडी आली होती. दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो पाहिला, तेव्हा तो आकडा ३६.१ नसून ३०.१ निघाला. शून्य सहासारखे दिसत होते. लॅबची खूण बरोबर होती, आपले वाचन चुकले होते. ती खूण खोडली असती तर चुकीचा आकडा वहीत निरोगी म्हणून बसला असता आणि पुढे कोणालाच शंका आली नसती.

म्हणून आमच्याकडे नियम असा की खुणा आपण लावायच्या नाहीत आणि आपण काढायच्याही नाहीत. रिपोर्टवर आहे तशी उतरवायची. आकडा आणि खूण यांचे जमत नसेल तर ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकायचे आणि मूळ फोटोकडे परत जायचे. फोटो स्वच्छ असूनही जमत नसेल तर लॅबला विचारायचे, कारण छपाईतही चूक होऊ शकते.

सीबीसीत आणखी एक सोय आहे, जी मुलांना फार आवडते. यातले आकडे एकमेकांना बांधलेले असतात. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, आरबीसी म्हणजे त्या पेशींची संख्या, आणि एमसीव्ही म्हणजे एका पेशीचा सरासरी आकार. साहजिकच पीसीव्हीला दहाने गुणून आरबीसीने भागले की एमसीव्ही यायला हवा. मुलाने मोबाईलवर ३६१ भागिले ४.१२ केले. उत्तर आले ८७.६. छापलेला एमसीव्ही तर ७३.१ होता. मग ३०१ भागिले ४.१२ केले, ७३.१ आले. घडीखालचा आकडा शून्यच होता हे दोन बाजूंनी पक्के झाले. इतका हिशेब नको असेल तर हिमोग्लोबिनची तिप्पट करून पाहा, ती पीसीव्हीच्या आसपास येते. ९.४ ची तिप्पट २८, म्हणजे ३० जवळ आहे आणि ३६ लांब. हा अंदाज ढोबळ आहे. पेशी लहान झालेल्या असतील तर दोन-तीनचा फरक पडतोच, पण मोठी चूक लगेच उघडी पडते.

आता मोबाईलकडून मजकूर वाचून घेण्याबद्दल. गूगल लेन्समध्ये फोटो दाखवला की अक्षरे कॉपी करता येतात आणि हाताने लिहिण्याचा त्रास वाचतो. पण मोबाईल नेहमी ओळ धरून वाचत नाही. कधी तो सगळी नावे आधी देतो आणि सगळे आकडे नंतर. याच रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांवर एक मथळा होता. मथळ्यापुढे आकडा नसतो. मोबाईलने दिलेली नावे आणि आकडे मुलाने क्रमाने जुळवले, तेव्हा न्यूट्रोफिलचे ६२ मथळ्यापुढे गेले, लिम्फोसाइटचे २८ न्यूट्रोफिलला मिळाले आणि तिथून खाली सगळेच एक पायरी घसरले. शेवटच्या बेसोफिलला तर प्लेटलेटचा ३.१२ चिकटला.

हे कळले कसे? त्या पाच प्रकारांच्या टक्क्यांची बेरीज शंभर यावी लागते. घसरलेल्या यादीत ती एक्केचाळीसच्या आसपासच येत होती. शिवाय न्यूट्रोफिलची छापलेली मर्यादा ४० ते ८० होती, त्यापुढे २८ आणि खूण मात्र काहीच नाही. ओळी सरळ केल्यावर ६२, २८, ५, ५ आणि ० असे पाच आकडे मिळाले, बेरीज शंभर. मथळ्याची ओळ वहीत ठेवायची, पण तिचा आकड्याचा खाना रिकामा सोडायचा. तपासणीच्या नावाखाली बारीक अक्षरांत कुठल्या पद्धतीने तपासले ते छापलेले असते, तीही वेगळी तपासणी नव्हे.

ओळ घसरली की तिच्यासोबत खूणही शेजारणीच्या घरी जाते. म्हणून मी मुलांना फोटोवर पट्टी धरायला लावते आणि पाचही खाने आडवे भरून झाल्याशिवाय खालच्या ओळीवर जाऊ देत नाही. हळू होते, होऊ द्या.

खूण वाचतानाही मोबाईल फसतो. आकड्याला चिकटून छापलेले कमीचे अक्षर तो कधी एक समजतो, आणि मग ९.४ चे ९.४१ होते. काही लॅब अक्षर देतच नाहीत. त्या आकडा ठळक छापतात, तारा लावतात, लाल रंग देतात किंवा वर-खाली बाण काढतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल रंग उरत नाही, आणि कॉपी केलेल्या मजकुरात ठळकपणा येत नाही. अशा वेळी खुणेच्या खान्यात 'ठळक छापले आहे' असे शब्दांत लिहायचे.

दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर बाईंचा दुसरा रिपोर्ट आला, या वेळी वेगळ्या लॅबचा. मुलगा धावतच आला. "मावशी, मायच्या प्लेटलेट तीन लाखांवरून दोनशे अठ्ठ्याण्णववर आल्या!" पावसाचे दिवस, गावात डेंग्यूची चर्चा, पोराचा चेहरा उतरलेला. मी त्याला एककाचा खाना वाचायला लावला. पहिल्या लॅबने ३.१२ लिहून पुढे 'लाख' छापले होते. दुसरीने २९८ लिहून पुढे 'हजार' या अर्थाचे एकक दिले होते. २९८ हजार म्हणजे २.९८ लाख, जवळपास तेवढ्याच. पांढऱ्या पेशींचेही असेच असते, एकीकडे ७,८०० आणि दुसरीकडे ७.८. ओळीत आकडा आणि एकक छापल्याप्रमाणेच ठेवायचे. रूपांतर करायचे असेल तर ते ओळीच्या खाली वेगळ्या शाईने लिहायचे, छापील आकड्याच्या जागी नाही.

मर्यादाही प्रत्येक वेळी नव्याने लिहावी लागते. जुन्या रिपोर्टची मर्यादा नव्या आकड्यापुढे चालत नाही, कारण लॅबची यंत्रे आणि पद्धती वेगळ्या असतात. बायकांची आणि पुरुषांची मर्यादाही वेगळी. एकदा एका बाईच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १२.६ असूनही कमीची खूण होती. मर्यादा बघितली तर १३ ते १७. रिपोर्टच्या डोक्यावर नाव बाईचे आणि लिंग पुरुष असे नोंदले गेले होते. म्हणून पानाच्या सुरुवातीला नाव, वय, लिंग आणि रक्त दिल्याची तारीख लिहिल्याशिवाय ओळी सुरू करू नयेत. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन डॉक्टर वेगळ्या मापाने बघतात, आणि ती गरोदर आहे हे बहुधा लॅबच्या यंत्राला माहीत नसते. तरी छापील खूण तशीच ठेवायची आणि पानावर 'गरोदर, अमुक महिना' एवढे लिहायचे.

खूण दिसली की घरात रडारड होते, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. बहुतेक तपासण्यांची मर्यादा निरोगी माणसांतल्या मधल्या पंच्याण्णव टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसातल्या एकाचा आकडा थोडा बाहेर पडतो. खूण म्हणजे आजाराचे नाव नव्हे. त्याचबरोबर खूण नाही म्हणून त्रास खोटा, असेही नाही. त्याचा निर्णय डॉक्टर पेशंटकडे बघून करतील. वही तो करत नाही.

फोटो मुळात नीट असेल तर यातले अर्धे श्रम वाचतात. रिपोर्ट दिवसा दाराजवळ जमिनीवर सपाट ठेवा, घडीवर हात फिरवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल बरोबर वरून धरा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. अक्षर बारीक असेल तर वरच्या आणि खालच्या अर्ध्याचे दोन फोटो घ्या, फक्त मधल्या दोन-तीन ओळी दोन्हीत येऊ द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसतो आणि दशांशाचा ठिपका आधी जातो. ठिपका दिसत नसेल तर अंदाजाने टाकू नका.

शेजारच्या बाई गेल्या महिन्यात परभणीला गेल्या, तेव्हा वहीची दोन पाने आणि मोबाईलमध्ये दोन्ही रिपोर्टचे मूळ फोटो सोबत होते. हिमोग्लोबिन ९.४ आणि दोन महिन्यांनी १०.६, दोन्हींपुढे कमीची खूण आणि आपापली मर्यादा. डॉक्टरांनी पीसीव्हीची ओळ फोटोशी पडताळून पाहिली, कारण तिथे मुलाने केलेली खाडाखोड दिसत होती. मग त्यांनी गोळ्या किती दिवस घेतल्या ते विचारले. ते मात्र आम्ही वहीत लिहिलेच नव्हते. आता पानाच्या तळाशी त्यासाठी एक ओळ सोडतो.