फोन का नाही केला?

बारा मिनिटांच्या आमच्या लघुपटात एक मुलगी वडिलांचं औषध आणायला तालुक्याला जाते, शेवटची एसटी चुकते आणि तिला रात्र स्टँडवर काढावी लागते. सकाळी शेजाऱ्याचा फोन येतो, वडील गेल्याचा. रफ कट पाहून एका मैत्रिणीने विचारलं, “हिच्याकडे फोन आहे, मग घरी फोन का नाही केला?” आम्ही गप्प. चित्रीकरण संपलं होतं, घर आणि स्टँड दोन्ही पुन्हा मिळणार नव्हते.

पहिला उपाय सुचला तो मुलीच्या फोनची बॅटरी संपवण्याचा. पण सकाळी तोच फोन वाजतो! म्हणून अशी दुरुस्ती करताना आधी एक कागद घ्यावा आणि चित्रित झालेल्या प्रत्येक दृश्यातून प्रेक्षकाला काय कळतं ते लिहून काढावं. आमच्या कागदावर सकाळच्या दृश्यापुढे लिहिलं होतं: ती फोन उचलून “हॅलो, कोण बोलतंय?” म्हणते. म्हणजे शेजाऱ्याचा नंबर तिच्याकडे नाही, हे आधीच चित्रित झालेलं होतं. आता फक्त आईचा फोन बंद असायला हवा होता.

पहिल्या दृश्यात आई पाठमोरी भाकऱ्या थापते. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे तिच्या तोंडी नवं वाक्य घालता येतं. ‘कॅसाब्लांका’चं शेवटचं वाक्यही असंच चित्रीकरणानंतर हम्फ्री बोगार्टकडून रेकॉर्ड करून घेतलं होतं. आम्ही आईला वीज गेल्याची तक्रार करायला लावली. वाक्य छान बसलं, पण संकलकाने चौकटीच्या कोपऱ्यात बोट ठेवलं: तिथे पंखा फिरत होता. एक भोक बुजवताना दुसरं पडतं ते असं.

शेवटी वाक्य ठरलं, “चार्जरची वायर तुटलीय. फोन बंदच पडणार आता.” दोन संवादांमध्ये जेमतेम तीन सेकंदांची जागा होती, तेवढ्यात ते बसलं. मात्र स्टुडिओतला आवाज कोरडा, वेगळा ऐकू येतो. सेटवर सगळ्यांना गप्प बसवून त्या स्वयंपाकघराचा नुसता ‘रूम टोन’ अर्धा मिनिट घेऊन ठेवला होता. तो खाली अंथरल्यावर वाक्य त्या खोलीतलं वाटू लागलं.

मग चार सेकंदांचा एक इन्सर्ट: मुलीचा हात, फोनवर ‘आई’, आणि फोन बंद असल्याची सूचना. तो एका मित्राच्या गॅलरीत भिंतीलगत घेतला. स्टँडवरच्या फुटेजमधून फोटो काढून बाही, बांगडी आणि डावीकडून येणारा पिवळसर उजेड जुळवला. पहिल्या टेकमध्ये नखांचा रंग चुकला होता, म्हणून पुन्हा घेतला.

वायरीचं वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच ठेवलं. ते स्टँडवर आठवण म्हणून ऐकवलं असतं, तर सबब वाटली असती. भाकरी थापता थापता आलं की ती नुसती घरातली कुरकुर वाटते. नवा कट त्याच मैत्रिणीला दाखवला. या वेळी तिने वडिलांना काय झालं होतं, एवढंच विचारलं.