गाडी कुठी थांबते? वीस सेकंदांची जाहिरात लिहिताना

अमरावतीहून संध्याकाळी निघालेली पुण्याची ट्रॅव्हल्स बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्यात येते आणि खामगाव, चिखली, जालन्यावरून रात्रभर धावून सकाळी वाघोलीला पोचते. या गाडीचं तिकीट ॲपवर काढता येतं, हे आता गावोगाव ठाऊक आहे. तरी अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडचे बरेच प्रवासी अजून ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात ओळखीच्या माणसाला फोन लावून सीट सांगून ठेवतात. त्यांना ॲप घ्यायला लावणारी वीस सेकंदांची जाहिरात लिहिण्याचं काम मी करतो. त्यातला कळीचा भाग म्हणजे त्या फोनमागचं कारण ओळखणं.

अकोल्याच्या नेहरू पार्क चौकात रात्री बॅगा घेऊन उभ्या असलेल्या लोकांचं बोलणं ऐकलं की कारण कळतं. भाड्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. "आपली गाडी हेच का?", "इकडून येते का तिकडून?", "पुलावरून तं नाही ना निंघून जाणार?" असे प्रश्न सतत कानावर येतात. अकोटचा मुलगा सुमारे ४५ किलोमीटर येऊन इथे उभा असतो. गाडी चुकली तर रात्री परतायला सोय नसते आणि सकाळची हजेरी बुडते. ऑफिसातल्या माणसाला फोन केला की तो सांगतो, "पानटपरीपाशी थांब, मी ड्रायव्हरले सांगतो." ॲपची स्पर्धा या वाक्याशी असते. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये सूट मागे जाते आणि थांबा पुढे येतो.

एक स्क्रिप्ट पूर्ण देतो.

० ते ३ सेकंद. रात्र, चौक, मोटरसायकलवर वडील, शेजारी बॅग घेतलेला मुलगा. वडील: "पैसे भरले, पन गाडी कुठी थांबते?" हेच वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत.

३ ते ८ सेकंद. मोबाइलचा पडदा जवळून. "अकोला ते पुणे", मग थांब्यांची यादी, त्यातल्या एका नावावर बोट. मुलगा: "हे पाहा ना बाबा, नेहरू पार्क. पावनेनऊले."

८ ते १३ सेकंद. नकाशावर सरकणारी गाडी आणि खाली गाडीचा नंबर. मुलगा: "बोरगाव मंजूच्या पुढं आली."

१३ ते १७ सेकंद. गाडी येते, मुलगा नंबर जुळवून चढतो. वडील: "पोचला का फोन करजो."

१७ ते २० सेकंद. ॲपचं नाव आणि चिन्ह. निवेदन: "तिकीट काढण्याआधी बघा, गाडी कुठे थांबते."

बोललेले शब्द तीसच्या आत आहेत. वीस सेकंदांत चाळीसपर्यंत बसवता येतात, पण मग बोट कुठे दाबलं ते दिसत नाही, कारण कान भरलेला असला की डोळा मागे पडतो. पहिले तीन सेकंद प्रश्नाला दिले, कारण यूट्यूबवर वगळता येणाऱ्या जाहिरातीत पाच सेकंदांनी 'वगळा'चं बटण येतं. ॲपचं नाव आधी आलं की ही जाहिरात आहे हे कळतं आणि अंगठा त्या बटणाकडे जातो. स्वतःचाच प्रश्न ऐकू आला, तर उत्तरापुरता तरी माणूस थांबतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर कित्येक जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून प्रत्येक वाक्य पडद्यावर देवनागरीत हवं. व्हिडिओ उभा असतो आणि रीलमध्ये तळाचा बराच भाग खात्याचं नाव, मजकूर आणि बटण झाकून टाकतात. थांब्याचं नाव तिथे पडलं तर अख्खी जाहिरात वाया जाते. ते मधोमध किंवा किंचित वर घ्यावं लागतं.

भाषेबाबत माझा नियम ठरलेला आहे. पात्रं वऱ्हाडी बोलतील, निवेदन आणि ॲपचा पडदा प्रमाण मराठीत राहील. 'करजो' हा शब्द बापाच्या तोंडी आला की तो आपल्याकडचा वाटतो. तीच बोली निवेदकाच्या तोंडी घातली की आपली नक्कल चालली आहे असं लोकांना वाटतं. मुलगा बापाला 'बे' म्हणत नाही, हेही बाहेरच्या कलाकाराला सांगावं लागतं. त्यामुळे कलाकार शक्यतो अकोला-अमरावतीच्या नाट्यसंस्थांतलेच घ्यावेत.

यानंतरचं काम कागदाबाहेरचं. स्क्रिप्टमधली प्रत्येक गोष्ट ॲपमध्ये खरोखर आहे का, ते तपासायचं. सरकणारी गाडी दाखवायची तर त्या मार्गावरच्या गाड्यांत जीपीएस चालू असावं लागतं, आणि ते ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात असतं. जिथे ते नाही, तिथे हा प्रसंग काढून गाडीचा नंबर आणि संपर्क क्रमांक दाखवायचा. पावणेनऊ ही वेळही जपून वापरायची. अमरावती-बडनेऱ्यात झालेला उशीर अकोल्याच्या थांब्यावर उतरतो, म्हणून "वेळेवर गाडी" असं वचन मी लिहीत नाही. ॲपवर एसटीचं तिकीट मिळत नसेल, तर लाल गाडी चौकटीच्या कोपऱ्यातही नको. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. लाल गाडी बघून ॲप घेतलेल्या बाईला तिथे खासगी गाडीचं पूर्ण भाडं दिसलं, तर ती फसवणूकच समजेल.

भाड्याबाबत तर कायदाच आड येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर बंधनं आहेत. मोजक्या सीटांना असलेलं भाडं सगळ्यांना मिळेल असं भासवता येत नाही. २०२३ च्या तत्त्वांनी खोटी घाई आणि शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत यांना मनाई केली. दिवाळीच्या आठवड्यात चढे भाडे असताना जुन्या स्वस्त भाड्याची जाहिरात चालू ठेवणं किंवा सीट भरपूर असताना "शेवटच्या दोन सीट" लिहिणं, दोन्ही यात सापडतात.

जाहिरात चालली की नाही, हे इन्स्टॉलच्या आकड्यावरून ठरवलं तर चूक होते. समजा, सूट सांगणाऱ्या आणि थांबा दाखवणाऱ्या दोन जाहिरातींवर प्रत्येकी १२,००० रुपये खर्च केले. पहिलीने १,००० इन्स्टॉल आणले, दुसरीने ६००. एका इन्स्टॉलला पहिलीचा खर्च १२ रुपये, दुसरीचा २०. पहिली स्वस्त दिसते. पण पहिलीच्या हजारांतून २० जणांनी तिकीट काढलं आणि दुसरीच्या सहाशेंतून ३० जणांनी, तर एका प्रवाशामागे खर्च अनुक्रमे ६०० आणि ४०० रुपये. म्हणून गुगलवर मोहीम लावताना उद्दिष्ट म्हणून नुसतं इन्स्टॉल न निवडता 'तिकीट काढलं' ही कृती निवडायचा आग्रह मी धरतो. सुरुवातीला पुरेशी तिकिटं निघालेली नसली, तर यंत्रणेला शिकायला आकडे कमी पडतात. तेव्हा काही दिवस इन्स्टॉलवर चालवून मग बदल करावा.

या कामात उतरणाऱ्यांना एकच सांगणं आहे. स्क्रिप्ट मंजुरीला पाठवण्याआधी कच्चा व्हिडिओ अकोला बसस्टँडवरच्या एखाद्या प्रवाशाला आवाज बंद करून एकदाच दाखवा आणि विचारा, "गाडी कुठी थांबते?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर स्क्रिप्ट परत लिहा.