साडीचा फोटो आणि ब्लाउजचा मागचा गळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नसराई जवळ आली की शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या फोनवर पैठण्यांचे फोटो येऊ लागतात. एक फोटो काठाचा, एक पदराचा आणि खाली एकच ओळ: "ताई, यावर मागचा गळा कुठला शोभेल?" प्रश्न रास्त आहे. मात्र फोटोतली साडी घडीत असते आणि गळा दिसतो तो साडी नेसल्यावर. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

गैरसमज: काठाची रुंदी आणि रंग फोटोत कळतात.

वस्तुस्थिती: फोन जवळ धरून तिरका फोटो काढला की तीन इंचांचा काठ पाच इंचांचा वाटतो. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल, तर धूपछाँव रंग कोनाप्रमाणे बदलतो. पिवळ्या दिव्याखाली जांभळा रंग तपकिरी दिसतो, तो वेगळाच. म्हणून साडी सपाट पसरावी, काठावर इंचपट्टी आडवी ठेवावी आणि दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो घ्यावा. ब्लाउजपीसचा फोटो वेगळा काढावा, कारण त्याच्या दोन्ही कडांना सारखाच काठ असेल असं नाही. पायपिंगचा रंग मात्र प्रत्यक्ष कापड हातात घेऊनच ठरवावा.

गैरसमज: पदरावर मोर आहेत, म्हणून पाठीवरही मोर हवा.

वस्तुस्थिती: पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो. तो मोकळा सोडला तर पाठीचा डावा भाग झाकला जातो आणि मध्यावर भरलेला मोर अर्धाच दिसतो. शिवाय पदरावरच्या बांगडी मोरांशेजारी आणखी एक मोर आला की नजर कुठेच ठरत नाही. मोकळा पदर घ्यायचा असेल तर गळ्याची कड स्वच्छ ठेवावी. लटकनसुद्धा लहान आणि गुळगुळीत असावं, नाहीतर ते जरीत अडकतं. पदराच्या निऱ्या करून पिन लावणार असाल तर पाठीचा मधला आणि उजवा भाग मोकळा राहतो. मटका गळा किंवा पान गळा तिथे खुलतो. अशा वेळी जरीच्या पदराचं सगळं वजन डाव्या खांद्यावर येतं. म्हणून खांद्याची पट्टी अडीच-तीन इंच तरी ठेवावी आणि गळा रुंद असेल तर वर दोरी द्यावी. नाहीतर खांदा सतत उतरत राहतो.

गैरसमज: काठ कुठल्याही गळ्याभोवती फिरवता येतो.

वस्तुस्थिती: काठ सरळ विणलेला असतो, तो वळत नाही. सहा इंच रुंद गळ्याचा खालचा अर्धगोल घ्या. त्याची आतली कड साधारण साडेनऊ इंच भरते. त्याभोवती तीन इंचांचा काठ लावला तर बाहेरची कड एकोणीस इंच होते, म्हणजे दुप्पट. मग आत चुण्या पडतात, जाड जरीचे उंचवटे येतात आणि नारळी काठाचे त्रिकोण एकमेकांवर चढतात. गोल गळ्याला उरेब पट्टीचं पायपिंगच योग्य.

चौकोनी गळ्याला कोपरे तिरके जोडून काठ लावता येतो, पण तो पुरतो का, हे आधी मोजावं. ८० सेंटीमीटरच्या ब्लाउजपीसला दोन्ही कडांना काठ असेल तर सुमारे साडेएकतीस इंचांच्या दोन पट्ट्या मिळतात. बाहीचा घेर अकरा इंच असेल तर शिलाईची माया धरून दोन बाह्यांना सव्वीस इंच लागतात, म्हणजे एक पट्टी तिथेच संपली. आता सहा इंच रुंद आणि नऊ इंच खोल चौकोनी गळ्याभोवती तोच तीन इंचांचा काठ लावायचा तर बाहेरच्या कडेने बारा इंचांचे तीन तुकडे हवेत, म्हणजे छत्तीस इंच. उरलेली पट्टी कमी पडते आणि पाठीवर मधोमध जोड दिसतो.

याच मापात सोपा मार्ग आहे. पाठीची उंची पंधरा इंच असेल तर नऊ इंच खोल गळ्याखाली सहा इंच कापड उरतं. त्यातल्या खालच्या तीन इंचांत काठ सरळ आडवा लावावा. पाठीचा पन्ना सोळा-सतरा इंच असला तरी एका पट्टीत काम होतं, काठ कुठेही वाकत नाही आणि गळ्याला त्याच रंगाचं बारीक पायपिंग पुरतं. काठ दीड इंचाचा असेल तर मात्र चौकोनी गळ्याभोवती तो सुरेख बसतो. तिथे बाहेरची कड साडेदहा, नऊ आणि साडेदहा, म्हणजे तीस इंच होते. त्यातही शिलाईला जेमतेम दीड इंच उरतो, तेव्हा कापण्याआधी पट्टी पुन्हा मोजावी.

गळा ठरवण्याआधी आणखी एक फोटो काढून घ्या. जुना ब्लाउज घालून साडी लग्नात नेसणार तशीच नेसा, पिन लावा आणि घरातल्या कुणालातरी पाठीचा फोटो काढायला सांगा. पदराबाहेर उरलेली जागा त्यात दिसेल. गळ्याची खोली आणि काठाची जागा त्या फोटोवर आखून शिवणाऱ्या ताईंना दाखवा.