थांबण्याचं गणित

दुपारी साडेतीनला शेअर बाजार बंद होतो आणि चारच्या ठोक्याला आपला प्रोग्रॅम ५०० शेअरचे भाव मागू लागतो. त्याच ठोक्याला इतरांचेही प्रोग्रॅम जागे होतात. मग सर्व्हर `429` पाठवतो, म्हणजे विनंत्या फार झाल्या. अशा वेळी आधी १ सेकंद थांबायचं, मग २, ४, ८. मिनिटापलीकडे मात्र नाही. उत्तरात `Retry-After` आलं असेल, तर तोच आकडा पाळावा.

माझ्या मते खरी चूक पुढे होते. एकदम अडलेल्या वीस विनंत्या आठ सेकंदांनी एकदमच परत धडकतात. म्हणून प्रत्येकीने ० ते ८ मधला कुठलाही सेकंद चिठ्ठी काढल्यासारखा निवडावा. दिवसाचा कोटाच संपला असेल, तर मिनिटभर थांबून उपयोग नाही. राहिलेल्या शेअरची यादी उद्यासाठी जपून ठेवावी.