दुःखाच्या रजेचा अर्ज

‘सर, बाबा गेले. गावी निघालोय. काही दिवस येत नाही.’ रात्री दवाखान्यातून साहेबांना एवढा मेसेज गेला तरी पुरे. पण त्यात तारखा नाहीत, कामाची सोय नाही. मग ऐन दहाव्याला ऑफिसचा फोन येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, जमेल तेव्हा, रीतसर ईमेल करावा:

‘महोदय, माझ्या वडिलांचे ३ जून रोजी रात्री निधन झाले. अंत्यविधी व तेराव्यापर्यंतच्या विधींसाठी ४ ते १५ जून रजा मंजूर करावी, ही विनंती. शोकरजेचे दिवस संपल्यास उरलेले दिवस अर्जित रजेतून धरावेत. मासिक अहवाल सहकारी पूर्ण करतील. गावी रेंज कमी असल्याने तातडीच्या कामासाठी संध्याकाळी फोन करावा.’

अर्जित रजेचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. अनेक ठिकाणी शोकरजा मोजकेच दिवस मिळते, काही ठिकाणी मिळतच नाही, आणि उल्लेख राहिला की पगार कापला जातो. आजाराचा तपशील मात्र लिहू नये, माफीही मागू नये. माणूस गेल्याची माफी कसली?

सहकाऱ्यांनी ‘अरेरे, कसं काय झालं?’ असं विचारणं टाळावं. तो प्रसंग त्याला पुन्हा सांगायला लावणं क्रूर आहे. ‘काही लागलं तर सांग’ यानेही भार त्याच्यावरच पडतो. त्याऐवजी: ‘बाबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. अहवाल मी शुक्रवारी पाठवतो, त्याची काळजी करू नकोस. आईंना सांभाळ. या मेसेजला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’